सात पिशव्या

लेकीचं विमानाचं तिकीट काढलं त्या रात्री मी एक हिशेब मांडला. बंगळूरहून लंडनला थेट जाणारं, सकाळी सातच्या सुमारास निघणारं विमान, प्रवास साडेदहा तासांचा. म्हणजे ४२ पाव तास. दुपारच्या झोपेचे दोन तास धरले तर त्यातले आठ गेले. दोन वेळच्या खाण्याचे चार. डायपर बदलणं आणि मधल्या वाटेवरून फेऱ्या मारणं यांचे मिळून सहा. उरले २४. एवढे पाव तास मला एका अरुंद खुर्चीत भरून काढायचे होते, तेही आवाज न करता आणि काही न सांडता, एकटीनं.

रात्रीचं विमान घ्यावं असं बहुतेकांनी सुचवलं होतं. पण स्वस्त तिकीट दिवसाचं होतं. शिवाय पश्चिमेकडे जाताना दिवस संपत नाही. सूर्य आपल्याबरोबर चालत राहतो. मे महिन्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे सकाळी निघालेला माणूस दुपारी एकच्या सुमारास पोचतो आणि मूल काळोख व्हायची वाट बघत बसतं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र तिकीट लागतं, म्हणून तिला तिची खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती. खर्च जाणवला, पण मांडीवर साडेदहा तास काढायचे नव्हते याचं बरंही वाटलं.

मूल रडलं तर काय, ही भीती मला नव्हती. मला उलटीच काळजी होती, आणि ती नीट सांगायला हवी.

लेक माझ्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती. ओडिशातल्या एका संस्थेतून मी तिला दत्तक घेतलं. निरोप देताना तिथल्या ताई म्हणाल्या होत्या, ‘बहुत शांत बच्ची है, आपको तंग नहीं करेगी.’ मला तेव्हा ते कौतुक वाटलं. घरी आल्यावर दहा-बारा दिवसांत कळलं, की ती सकाळी उठायची आणि पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. हाक नाही, रडणं नाही. दूध संपलं तर रिकामी बाटली बाजूला ठेवायची. आमच्या मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘मागून काही मिळत नाही हे ज्या मुलांना लवकर कळतं, ती मागणं सोडून देतात. ही शांतता म्हणजे समाधान नव्हे. ती मागायला लागली, की समजा रुळली.’ तेव्हापासून मी तिच्या मागण्यांची वाट बघत होते. नऊ महिने झाले होते. ती चालत होती, हसत होती, सात-आठ शब्द बोलत होती. त्यातला एक शब्द माझा होता, ‘आऊ’. जिजाबाईंना आऊसाहेब म्हणत, त्यातला आऊ. ‘आई’ न म्हणता ती इतकी जुनी हाक कुठून घेऊन आली याची गंमत मी सगळ्यांना सांगत असे.

तेव्हा विमानात ती गप्प बसेल याची मला जवळजवळ खात्री होती. साडेदहा तास समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसेल आणि सगळे म्हणतील, किती गुणी मुलगी. मला ते नको होतं. मला तिचं मन गुंतवायचं होतं, आणि शक्य झालं तर तिला काहीतरी मागायला लावायचं होतं.

निघण्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी मी घरात तालीम केली. तिला खुर्चीत बसवलं, पुढ्यात स्टूल ठेवलं आणि जमवलेलं सगळं साहित्य एकदम समोर मांडलं. अकरा मिनिटांत खेळ आटोपला. तिनं प्रत्येक गोष्ट एकदा उचलली, एकदा ठेवली आणि मग कशाकडेच पाहिलं नाही. पुढच्या रविवारी तेच साहित्य सात लहान कापडी पिशव्यांत वेगळं केलं आणि एका वेळी एकच पिशवी दिली. खेळ झाला, की तिनंच वस्तू परत पिशवीत भरायच्या, नाडी ओढायची, पिशवी माझ्याकडे द्यायची आणि मगच दुसरी घ्यायची. त्या दिवशी दीड तास गेला. दोन वर्षांच्या मुलाला आत घालणं आणि बाहेर काढणं हाच मुळात खेळ वाटतो. वस्तू हे त्याचं निमित्त. आवरण्याचा वेळ खेळातच मोजायचा असतो, हे मला तिथे उमगलं. दुसरी एक गोष्टही लक्षात आली. पिशवी काढून घ्यायची ती कंटाळा यायच्या थोडी आधी. पूर्ण कंटाळल्यावर काढून घेतलेली वस्तू पुन्हा दिली तर शिळी वाटते. थोडी भूक ठेवून काढली, तर दोन तासांनी ती नवी असते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर सातही पिशव्यांचं वजन ६४० ग्रॅम भरलं. एकीत माझ्या आजीचा बटवा, त्यात गाठी मारून एकमेकांना जोडलेले पाच हातरुमाल. दुसरीत मसाल्याची रिकामी प्लॅस्टिकची डबी, झाकणाला भोकं असलेली, आणि त्या भोकांतून आत सारायला हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ, केसाळ तारा. त्यांची टोकं टोचतात, म्हणून दोन्हीकडून दुमडून घेतलेल्या. तिसरीत टिकल्यांची पाकिटं आणि कोरी वही. चौथीत पाण्याच्या पेनानं रंगवायची चित्रवही. तिच्या पानांवर पाणी लागलं की रंग उमटतात आणि वाळलं की पान पुन्हा पांढरं होतं. पाचवीत बहिणीच्या घरच्या माणसांचे बारा फोटो, एका छोट्या अल्बममध्ये. सहावीत त्रिकोणी खडू आणि जाड कागद. त्रिकोणी एवढ्यासाठी, की गोल खडू एकदा घरंगळला की चार रांगा मागे जातो. सातवीत रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी, एक इंच रुंदीची. मोबाईलमध्ये वीस मिनिटांची एक चित्रफीत होती, ती अगदी शेवटच्या अडचणीसाठी. माझ्या एका बंगाली कादंबरीच्या भाषांतराची प्रूफं मी आधी बॅगेत घातली होती. तालमीनंतर ती काढून ठेवली.

पहिला धडा विमान जागचं हलायच्या आधीच मिळाला. दारं बंद होऊन विमान उडेपर्यंत पाऊण तास गेला. त्या वेळात पट्टा बांधलेला हवा आणि पुढचं टेबल मिटलेलं हवं. माझ्या सातपैकी चार खेळांना टेबल लागत होतं, याचा विचारच मी केला नव्हता. बटवा कामी आला. मांडीवर ठेवून ती एक रुमाल ओढायची, त्यामागून दुसरा यायचा, त्यामागून तिसरा. पाचही बाहेर आले की मी ते बटव्यात कोंबायचे आणि ती पुन्हा ओढायची. दरम्यान तिचे पाय पुढच्या खुर्चीला लागत होते. एवढ्या मुलाचे गुडघे खुर्चीच्या काठापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे पाय सरळ समोर येतात आणि प्रत्येक हालचालीला पुढच्या माणसाच्या पाठीत बसतात. मी तिचे बूट काढले. मोज्यातला पाय लागला तरी तितका जाणवत नाही. त्यानंतर पुढचे गृहस्थ एकदाही वळून पाहायला लागले नाहीत.

दुसरा धडा ओला होता. पाण्याचं पेन मी सुरक्षा तपासणीनंतर नळावर भरलं होतं, पण अर्धंच. विमान वर गेल्यावर मी त्याचं टोपण काढलं आणि पाणी टपटप गळू लागलं. तिच्या मांडीवर गळलं, माझ्या ओढणीवर गळलं. उंचीवर विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. पेनात अडकलेली हवा फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. त्याच कारणानं चिवड्याची पुडी उशीसारखी फुगली होती. एवढं डोळ्यांसमोर असूनही मला नळीची बाटली आठवली नाही. पेन पुसून होतंय तोच तिनं बाटलीची नळी उघडली आणि पाण्याची बारीक चिळकांडी शेजारच्या बाईंच्या साडीवर उडाली. पेन एकतर काठोकाठ भरावं, म्हणजे आत हवाच राहत नाही, किंवा वर पोचेपर्यंत रिकामं ठेवावं. बाटलीचं झाकण आधी जरासं सैल करून हवा जाऊ द्यावी आणि मग नळी उघडावी.

शेजारच्या बाई हसल्या. साठीच्या असाव्यात. भुवनेश्वरच्या होत्या, बंगळूरला मुलीकडे राहून आता मुलाकडे निघाल्या होत्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, ‘पानी ही तो है.’

पाणी वाळेपर्यंत मी टिकल्या काढल्या. टिकली ही या कामासाठी घडवल्यासारखी वस्तू आहे. तिला वजन नाही, आवाज नाही, आणि कागदावरून निघून ती पुन्हा चिकटते. पण त्यात एक धोका आहे. लहान टिकली तोंडात किंवा नाकात गेली तर कळतही नाही. म्हणून मी सर्वांत मोठ्या, मखमली, लाल टिकल्या घेतल्या होत्या आणि मोजून दिल्या होत्या, २४. तिनं त्या वहीवर लावल्या, माझ्या हातावर ओळीनं लावल्या, खिडकीच्या आतल्या काचेवर लावल्या. परत घेताना मी मोजल्या तर २३ भरल्या. तिचं तोंड उघडून पाहिलं, मूठ पाहिली, पट्ट्याखाली पाहिलं. शेवटी शेजारच्या बाईंनी आपल्या मनगटाकडे बोट दाखवलं. विसावं अक्षर निसटलं म्हणून पानभर शोधावं आणि ते समासात सापडावं, तसं झालं.

तीन तास झाले होते. हवाई सुंदरी दोनदा येऊन म्हणाली होती, की इतकी शहाणी मुलगी तिनं फार दिवसांत पाहिली नव्हती. पलीकडच्या रांगेतल्या जोडप्यानं अंगठा उंचावून दाखवला. मी हसले, पण मला ते टोचलं. पिशवी दिली की लेक घेत होती. काढून घेतली की देत होती. हिशेब चोख चालला होता. पण तो माझाच हिशेब होता. तिनं अजून एकदाही कुठलीच पिशवी मागितली नव्हती.

मग चिकटपट्टी काढली. ही पट्टी दोन वर्षांच्या मुलाला फाडता येत नाही आणि तिचं टोक नखानं उचलताही येत नाही. दोन्ही जमलं नाही, की ते मूल खेळ सोडून देतं. म्हणून मी बोटभर लांबीचे तुकडे आधीच फाडून टेबलाच्या काठावर ओळीनं टांगले आणि प्रत्येकाचं एक टोक दुमडून ठेवलं, चिकट बाजू आत. ते कान पकडून ओढलं की तुकडा सहज हातात येतो. दोन तुकडे मी टेबलावर लावले, रस्ता केला. एक टिकली रस्त्यावरून बोटानं सरकवली. घुर्र असा आवाज अगदी हळू केला. तिनं काठावरचा तुकडा ओढला आणि रस्त्याला जोडला. मग दुसरा. रस्ता टेबलाच्या कडेपर्यंत गेला, वळला, तिच्या गुडघ्यावर आला, तिथून माझ्या हातावर चढला. काठावरचे आठही तुकडे संपले.

तिनं तळहात पुढे केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आऊ.’

‘काय गं?’ मी म्हटलं.

‘आऊ.’

‘हो, आऊ इथेच आहे.’

शेजारच्या बाई आधी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘वो और माँग रही है. हमारे में बोलते हैं, आउ. आउ टिके. थोड़ा और.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. हात तसाच होता.

बंगालीतून भाषांतर करण्यात माझी अठरा वर्षं गेली. बंगालीतला ‘आर’ मी हजारो वेळा मराठीत ‘आणखी’ केला आहे. ओडिया ‘आउ’ त्याच कामाचा, शेजारच्याच घरातला. मला तो ऐकू यायला हवा होता. पण मला हाक ऐकायची होती, म्हणून मी हाक ऐकली. आणि चूक उघडी पडायला वावच नव्हता. जेवताना चमचा थांबला की ती ‘आऊ’ म्हणायची, आणि हाक मारली म्हणून मी वळून तिला घास द्यायचे. झोका थांबला की ‘आऊ’, आणि मी लाडानं झोका द्यायचे. तिला हवं ते मिळत होतं, मला हवं ते ऐकू येत होतं. अर्थ चुकला तरी व्यवहार पार पडत होता. जे चुकीचं भाषांतर वाक्यात नीट बसतं, ते कुठल्याच तपासणीत सापडत नाही. ते सापडायला शेजारी त्या भाषेतलं माणूस बसलेलं लागतं.

वाईट वाटलं का? वाटलं. नऊ महिने जपलेली हाक हाक नव्हती. पण लगेच दुसरं लक्षात आलं. डॉक्टर ज्याची वाट बघायला सांगत होत्या ते कधीचंच चाललं होतं. ती मागत होती. पहिल्या महिन्यापासून मागत होती, तिच्या भाषेत. मागणारं मूल गप्प आहे, असा समज मी करून घेतला होता.

मी आणखी आठ तुकडे फाडले. ‘आउ?’ मी विचारलं. आता ऱ्हस्व. ती हसली, आणि दोन्ही हात पुढे केले.

पुढचा दीड तास माझ्या तक्त्यात बसणारा नव्हता. सातातल्या सहा पिशव्या तशाच राहिल्या. एकच खेळ, आठ-आठ तुकड्यांचा. रस्ता बांधायचा, टिकली चालवायची, सगळं सोलून काढायचं, त्याचा चिकट गोळा करायचा, आणि ‘आउ’. विविधता ही माझी गरज होती. तिला तेच हवं होतं, फक्त दर वेळी जरासं वेगळं. कधी रस्त्याला फाटा, कधी पूल, कधी दोन टिकल्या समोरासमोर. मी तेवढा बदल करत गेले आणि उरलेलं तिच्यावर सोडलं. ही पट्टी टेबलावर डाग ठेवत नाही. सोललेली प्रत्येक पट्टी मी उलटीच्या कागदी पिशवीत टाकत होते, पिशवी अर्धी भरली.

ती झोपली ती माझ्या हिशेबापेक्षा उशिरा, आणि पाऊण तास जास्त झोपली. बाईंनी आणि मी तेवढ्यात चहा घेतला. त्यांनी मला चार शब्द लिहून दिले, देवनागरीत. पाणी, भात, ये, दे. पाणी आणि भात या दोन शब्दांशी आम्ही दोघीही हसलो.

उतरायला तासभर असताना मी तिला उठवलं. झोपलेलं मूल कमी गिळतं आणि विमान खाली येताना कान दुखतात, म्हणून त्या वेळी मूल जागं आणि काहीतरी पीत असलेलं बरं. उठल्याबरोबर तिनं सातव्या पिशवीकडे बोट केलं. शेवटच्या दोन हातांचं चिकटपट्टीचं भेंडोळं उरलं होतं. ते पंधरा मिनिटांत संपलं. मग टेबलं मिटवायची सूचना झाली आणि मी तिचं टेबल बंद केलं.

‘आउ,’ ती म्हणाली. मी रिकामं पुठ्ठ्याचं कडं दाखवलं. बटवा दिला, तिनं ढकलला. फोटो दिले, तेही ढकलले. ‘आउ!’ मोबाईल काढायचं मला सुचलंच नाही. आणि मग ती रडायला लागली. मुसमुसणं नव्हे. पाठ ताठ करून, तोंड पूर्ण उघडून, पाय आपटत. बुटांशिवायचे पायही पुढच्या गृहस्थांना लागलेच. त्यांनी पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. हवाई सुंदरीचा चेहरा उतरला. मी पाण्याची बाटली पुढे केली, झाकण आधी सैल करून. ती मधेमधे एक घोट घ्यायची आणि पुन्हा रडायची. गिळत होती, म्हणजे कानांचं काम होत होतं.

‘थक गई है,’ बाई समजुतीनं म्हणाल्या.

‘नहीं,’ मी म्हटलं, ‘माँग रही है.’

विमान जमिनीला टेकलं तेव्हाही ती हुंदके देत होती. तिनं माझा हात धरला होता, माझ्या मनगटावर रस्त्याचा एक तुकडा उरला होता आणि ती तो नखानं उचलायचा प्रयत्न करत होती. मी टोक दुमडून दिलं.

परतीच्या प्रवासाला मी चार पिशव्या घेतल्या. एकीत बटवा, एकीत मोठ्या टिकल्या, एकीत फोटो. चौथीत चिकटपट्टीची दोन भेंडोळी.